बिळाचा धनी कोण? – खारबंदिस्तीच्या बांधावरचे तीन फोटो

मृग जवळ आला की आमच्या पानाकडे बिळांचे फोटो येऊ लागतात. पूर्वी शेतकरी ढेकूळ कागदात गुंडाळून आणून टेबलावर ठेवायचे, आता मोबाईलवर फोटो येतो. खाली एकच ओळ असते: "साहेब, हे कुणाचे बीळ?" कुणी पाठवतो भाताच्या खाचराच्या बांधावरचे, कुणी खाडीकाठच्या खारबंदिस्तीवरचे, कुणी परसातल्या वांग्याच्या वाफ्यातले. प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर चुकले तर औषध चुकते, औषध चुकले तर पैसा जातो, आणि बांधाच्या बाबतीत चुकले तर एका उधाणात अख्ख्या शिवारात खारे पाणी शिरते. असे झाले म्हणजे जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे सहज जातात, हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको.

शिवाय बिळाचा धनी ठरवण्यात जबाबदारीही ठरत असते. वाचकांना २ जुलै २०१९ ची रात्र आठवत असेल. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण मातीचे होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. दोन दिवसांत तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी सांगितले की धरणाला खेकड्यांनी पोखरले. मग निषेधाला लोक जिवंत खेकडे घेऊन गेले, वर्तमानपत्रांतून व्यंगचित्रे आली, आणि खेकडा हा काही दिवस चेष्टेचा विषय झाला. तिवऱ्याला नेमके काय झाले याचा निवाडा करायची ही जागा नव्हे. पण चेष्टेच्या भरात एक गोष्ट राहून गेली. खेकडा मातीच्या बांधाला भोक पाडतो हे खोटे नाही. आमच्या खारेपाटात कुणालाही विचारा. मात्र "खेकड्याने पाडले" असे म्हणायचे तर ते भोक खेकड्याचेच, आणि पाणी त्याच भोकातून गेले, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. त्या कशा दाखवायच्या, तेच आज सांगायचे आहे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी खाडीकाठच्या एका गावातून तीन फोटो आले. गावाचे नाव देत नाही, कारण तिथे अजून कागदपत्रे चालू आहेत. गावचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा मोठा बांध, आदल्या वर्षी उघाडीजवळ खांड पडून फुटला होता आणि उन्हाळ्यात बुजवून घेतला होता. आता पुन्हा भोके दिसत होती. बांधाचे काम पाहणाऱ्यांचे म्हणणे, खेकडे आहेत, त्याला आम्ही काय करणार? गावकऱ्यांचे म्हणणे, काम कच्चे झाले. दोघांनी फोटो पाठवले होते ते एकाच भोकाचे!

पहिला फोटो तो होता. बांधाच्या शेताकडच्या उतारावर, माथ्यापासून हात-दीड हात खाली, एक गोल तोंड. त्याच्या खाली उतारावर सैल, भुसभुशीत माती पंख्यासारखी पसरलेली. फोटोत मापाला काही ठेवलेले नव्हते, पण कोपऱ्यात कुणाच्या तरी चपलेचा अंगठा आला होता. त्यावरून तोंड साधारण सहा-सात सेंटिमीटरचे, म्हणजे मुठीपेक्षा थोडे लहान. आणि नीट पाहिले तर ते तोंड उघडे नव्हतेच. आतून मातीचा बूच लावलेला होता. ताजी माती, आणि तोंड आतून बुजवलेले. ही काळ्या-करड्या, आखूड तोंडाच्या त्या मोठ्या उंदराची सही आहे, जो भातशेतीत सगळीकडे असतो आणि ज्याला आपण घुशीचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. तो दिवसा आत असला की दार लावून घेतो. खेकडा चिखलाने तोंड बुजवतो खरे, पण कोरड्या दिवसांत अंगातली ओल टिकावी म्हणून. ताज्या, सुट्या, कोरड्या मातीचा असा पंखा त्याच्या बिळाखाली कधी दिसत नाही.

इथे फोटोतले पहिले सूत्र समजून घ्या. भोक बघू नका, भोकातून निघालेली माती बघा. उंदीर पायांनी माती मागे उडवतो, म्हणून ती सुटी होऊन एका बाजूला पसरते. खेकडा ओल्या मातीचे गोळे नांगीत धरून बाहेर आणून ठेवतो, म्हणून त्याच्या तोंडाशी गोळ्या-गोळ्यांची रास असते, कधी ती तोंडाभोवती चढत जाऊन लहानशी चिमणी होते. वाळल्यावरही त्या गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या ओळखू येतात. पावसाने रास धुऊन गेली असेल तर ही खूण जाते, म्हणून जुन्या बिळाच्या फोटोवरून मी तरी सहसा पक्के सांगत नाही. जुन्या बिळाची कडा ढासळून तोंडही मोठे झालेले असते. आमच्याकडे एकदा कोल्ह्याचे म्हणून आलेले भोक नंतर उंदराचे निघाले. दोन पावसाळ्यांनी त्याचे तोंड वीतभर झाले होते.

दुसरा फोटो त्याच बांधाचा, पण खाडीकडच्या बाजूचा. भरतीची रेघ जिथे लागते तिथे, थोडे वर, चिखलात तीन-चार तोंडे. ती गोल नव्हती, आडवी होती. रुंदीला जास्त, उंचीला कमी, पत्र्याच्या चपट्या डब्याच्या तोंडासारखी. हे खेकड्याचे. कारण उघड आहे: खेकडा स्वतः आडवा आणि चपटा, आडवाच चालतो, त्याचे घरही तसेच. उंदराचे अंग गोल, त्याचे भोक गोल. भिंती ओल्या, गुळगुळीत, आणि भोक आत जाताना खाली उतरते. खेकड्याला कल्ले ओले ठेवावे लागतात, म्हणून त्याचे बीळ पाण्याकडे जाते. टोकाला पाणी लागले नाही तर तो तिथे राहणार नाही. चिंबोरी काढणाऱ्याला विचारा. आकडा घालताना तो आधी हात घालून बघतो की तळाशी पाणी आहे का. उंदराचे याच्या उलट. त्याला पिलांसाठी आणि कणसांच्या कोठारासाठी कोरडी जागा लागते, म्हणून तो बांधाच्या माथ्याकडे, पाण्याच्या पातळीच्या वर खोदतो.

हे दुसरे सूत्र. फोटोत बीळ पाण्याच्या रेघेपासून किती वर किंवा खाली आहे, हे दिसलेच पाहिजे. नुसत्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो अर्धा निकामी. म्हणून पाठवायचे असतील तर तीन काढा. एक दहा पावले मागे जाऊन, बांधाचा माथा आणि पाणी दोन्ही दिसतील असा. दुसरा सरळ तोंडासमोरून, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून. त्याची रुंदी सत्तावीस मिलिमीटर असते, म्हणजे माप आपोआप येते. तिसरा बाजूने, मातीची रास दिसेल असा. सकाळी सातच्या आत काढला तर तिरप्या उन्हात पायांचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात. दुपारच्या उन्हात सगळे सपाट दिसते. फोटोसोबत तारीख लिहा, आणि खाडीचा बांध असेल तर भरती होती की ओहोटी तेही.

या दोन फोटोंवरूनच एक निष्कर्ष निघाला होता: एकाच बांधात दोन वेगवेगळे खोदणारे होते. पाण्याकडून खेकडा, कोरड्या बाजूने उंदीर. मग प्रश्न राहिला, की यांतला धोक्याचा कोण?

यासाठी पाणी मातीच्या बांधातून कसे जाते ते थोडे समजून घ्यावे लागेल. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच, ते काही विपरीत नाही. बांध जितका जाड तितका पाण्याचा रस्ता लांब, आणि तितका पाण्याचा जोर कमी. बिळाने काय होते? बीळ आरपार नसले तरी रस्ता तेवढा आखूड होतो. समजा बांध तळाला पाच मीटर जाड आहे. खाडीकडून खेकडा एक मीटर आत गेला, शेताकडून उंदीर दीड मीटर आत आला, तर मध्ये उरले अडीच मीटर, आणि पाणी त्या अडीच मीटरमधून पूर्वीच्या दुप्पट जोराने रेटते. एक हद्द ओलांडली की शेताकडच्या टोकाला पाणी मातीचे कण उचलून बाहेर आणू लागते. एक कण गेला की मागचा सैल होतो. असे करत आतली नळी शेताकडून खाडीकडे मागे-मागे खात जाते. बाहेरून काही दिसत नाही. दिसते ते शेवटच्या अर्ध्या तासात, आणि मग खांड पडते.

म्हणून पाणी येते का, यापेक्षा ते कसे येते हे बघायचे. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ पाणी येऊ लागले तर रात्रीच माणसे गोळा करा, कारण तो गढूळपणा म्हणजे तुमचा बांधच बाहेर चालला आहे.

खारबंदिस्तीत आणखी एक सोपी परीक्षा आहे, ती शहाण्या शेतकऱ्यांना माहीत असते. शेताकडच्या पायथ्याशी पाणी दिसले की बोट लावून चाखून बघा. खारे असेल तर खाडी आत येते आहे. गोडे असेल तर खाचराचेच पाणी आहे. आणि वेळ बघा. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला पूर्ण भरते. त्या वेळी झिरप वाढला आणि ओहोटीला थांबला, तर शंकेला जागा नाही.

त्या गावात आम्ही गेलो ते असेच अमावास्येच्या आदल्या दिवशी. आधी संध्याकाळी शेताकडच्या उतारावरची सगळी तोंडे मोजून पायाने माती दाबून बंद केली. सतरा निघाली. सकाळी पाहिले तर सहा पुन्हा उघडलेली. कृषी खात्याचे लोक यालाच जिवंत बिळे म्हणतात. ही मोजणी उंदरांबाबत तरी फोटोपेक्षा भरवशाची. फोटो भोक दाखवतो, राहणारा दाखवत नाही. सतरा बिळे म्हणजे सतरा उंदीर नव्हेत, आणि रिकाम्या बिळात आमिष टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. रिकाम्या बिळाचा दुसरा रहिवासी तुम्हाला माहीतच आहे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण निसर्गाच्या दृष्टीने अगदी खरी आहे. नाग, धामण, घोणस यांना बीळ खोदायला ना पाय ना नखे. आमच्याकडे "सापाचे बीळ" म्हणून येणाऱ्या फोटोंतली बहुतेक बिळे उंदराची असतात. त्यात साप असेलही, पण खोदलेले त्याचे नसते. म्हणून कुठल्याही बिळात हात घालू नका, मग ते कुणाचेही असो.

दुपारी भरती चढली तशी पायथ्याशी एका जागी ओल आली, मग बोटाएवढी धार. चाखली, खारी. पाणी स्वच्छ होते, एवढे नशीब. आता ही धार कुठल्या भोकातून येते? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने युक्ती सांगितली. घरातून गेरू आणला, बादलीत कालवला, आणि खाडीकडच्या एकेका भोकात ओतायला सुरुवात केली. पहिली चार भोके खेकड्यांची, जुन्या पक्क्या बांधातली. गेरू आत गेला तो गेला. अर्धा तास थांबलो, धारेचा रंग बदलला नाही. पाचवे भोक उघाडीपासून सहा-सात पावलांवर, आदल्या वर्षी बुजवलेल्या खांडीच्या भरावात होते. तिथे गेरू ओतला आणि पंधरा मिनिटांच्या आत खालची धार तांबूस झाली. तिच्या वर हात-दोन हातांवर तेच पहिल्या फोटोतले बुचाचे बीळ.

तिसरा फोटो इथे कामाला आला. तो एका तरुणाने सहज काढला होता, भरावाच्या कडेचा, आणि त्यात बिळापेक्षा मातीच जास्त दिसत होती. जुना बांध खाडीच्या चिकट निळसर चिखलाचा, एकसंध. नवा भराव मुरमाचा, मध्ये ढेकळे, ढेकळांमध्ये पोकळ्या, कुठे गवताच्या पेंढ्या. उंदराने तिथेच का खोदले? कारण तिथे खोदणे सोपे होते. खेकड्यालाही तिथून आत जाणे सोपे गेले. पक्क्या बांधात तोच खेकडा पोहोचला होता पण पाणी पोहोचले नाही.

आता सांगा, दोष कुणाचा? बिळे होती हे काम पाहणाऱ्यांचे म्हणणे खरे. खेकड्याचे भोक गळतीच्या वाटेवर होते हेही खरे. पण ज्या भोकाचा फोटो ते दाखवत होते ते खेकड्याचे नव्हतेच, आणि जिथे भराव नीट दाबलेला होता तिथे खेकडे असूनही बांध गळत नव्हता. माझ्या मते असा वाद आला की पहिला प्रश्न "कुणी पोखरले?" हा नसावा. "शेजारच्या दहा मीटरमध्ये तोच प्राणी आहे, तिथे का गळत नाही?" हा असावा. याचे उत्तर फोटोत नसते, कुदळीने मिळते.

आणखी एक गोष्ट, धरणाच्या आणि पाझर तलावाच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी. मागच्या, म्हणजे कोरड्या उतारावर खेकडे दिसले तर लोक म्हणतात, बघा खेकड्यांनी धरण पोखरले. पण खेकडा ओलीशिवाय राहत नाही. मागच्या उतारावर तो सुखाने राहतो आहे, याचाच अर्थ तिथे आधीच पाणी झिरपते आहे. अशा ठिकाणी खेकडा गळतीचे कारण असेल किंवा नसेल, गळतीचा साक्षीदार मात्र नक्की असतो. तो दिसला त्या दिवशी खाली उतरून पाणी गढूळ आहे का बघायला हवे होते, हे बांध फुटल्यावर कळून उपयोग नाही.

आता उपाय. बहुतेक ठिकाणी करतात ते असे: बिळाच्या तोंडात दगड, ढेकूळ, नाहीतर सिमेंटचा गोळा ठोकतात. तोंड बंद होते, आतली पोकळी तशीच राहते. उंदीर शेजारून दुसरे दार काढतो आणि पाण्याला जायची वाट तीच. कोरड्या दिवसांत खरे काम म्हणजे बीळ शेवटपर्यंत उकरणे. ते वळत असते, म्हणून आत लवचीक काठी किंवा वेताची छडी घालून दिशा घेत जायचे. उकरलेला चर मग चिकणमातीने भरायचा, मुरमाने नव्हे. माती थोडी ओली करून वीतभराच्या आतले थर द्यायचे, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा. माती ओली किती? मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि हाताला पाणी लागू नये, एवढी. पावसाळ्यात उकरता येत नाही, तेव्हा चिकणमातीचा ताकासारखा पातळ चिखल करून वरच्या तोंडातून भरत राहायचा, तो आत बसेपर्यंत. हे तात्पुरते आहे, दिवाळीनंतर पुन्हा उकरून भरलेच पाहिजे.

आणि एक चूक जी मी डोळ्यांनी पाहिली आहे. गळती शेताकडे दिसते, म्हणून माणसे शेताकडचेच तोंड मातीने घट्ट बंद करतात. पाणी थांबल्यासारखे वाटते. पण ते आत अडते, दाब वाढतो, आणि दोन हात बाजूला उतार फाडून बाहेर येते. बंद करायचे ते पाण्याकडचे तोंड, ओहोटीत. शेताकडे पाण्याला वाट ठेवायची, फक्त माती जाऊ द्यायची नाही. आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी. पाणी निघते, कण अडकतात. धार जोराची असेल तर तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे करून आत पाणी थोडे चढू द्यायचे. पाण्याचा उलटा दाब येतो आणि धारेचा जोर उतरतो. त्या दिवशी त्या गावात पोत्यांचे कडे केले तेव्हा भरती उतरेपर्यंत निभावले.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष देण्याची पद्धत जुनी आहे. आधी दोन दिवस नुसते तेल लावलेले भरड धान्य टाकून उंदरांना सवय लावायची, मग शंभर भागांत शहाण्णव भाग भरड, दोन भाग तेल आणि दोन भाग औषध असे कालवून, हाताला न लावता, फक्त जिवंत बिळात आत सारायचे आणि तोंड बंद करायचे. पण हे खेकड्याच्या बिळात टाकले तर खेकड्याचे काही बिघडत नाही, आणि ओलीने त्यातून विषारी वायू सुटतो. खाडीकडच्या तोंडांत तर ते मुळीच टाकू नये. ते पाण्यात जाणार, आणि पुढे कुणाच्या जाळ्यात काय येईल सांगता येत नाही. बीळ कुणाचे ते आधी ठरवा असे आम्ही म्हणतो ते यासाठी. एका खाचराच्या बांधावर अर्धा किलो आमिष ज्या भोकांत घातले ती सगळी मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची निघाली. शेजारच्या उंदरांना त्याची चाहूलही लागली नव्हती.

खाचरातले खेकडा-उंदीर ओळखायला बिळापेक्षा पीक बरे. लावणीनंतर पहिल्या पंधरा-वीस दिवसांत कोवळी रोपे पाण्याच्या पातळीशी कुरतडून तरंगताना दिसली आणि कापलेली जागा चिंधीसारखी असली, तर खेकडा. चूड मोठे झाल्यावर, पोटरीत किंवा लोंबी आल्यावर, बुंध्यापासून थोडे वर तिरका, सुरीने कापल्यासारखा छेद असला, तर उंदीर. बिळात लोंब्या सापडल्या तर बोलायलाच नको.

परसबागेच्या फोटोंविषयी थोडक्यात. तिथे बहुतेक वेळा घर नसते, जेवणाची जागा असते. कुदळीने टोचल्यासारखे, वरून रुंद आणि खाली निमुळते, चार-पाच बोटांत संपणारे खड्डे एकाच रात्रीत दहा-पंधरा दिसले, तर मुंगूस, चिचुंद्री किंवा घूस मातीतले किडे शोधत गेली. मुंगूस दिवसा, बाकीच्या रात्री. त्यांच्या मागे लागण्याआधी एक खड्डा उकरून बघा. पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी निघाली तर हुमणी आहे, आणि खड्डे पाडणारा तुमचेच काम करतो आहे. पहिल्या वळवाच्या पावसानंतर बोटाएवढी गोल भोके दिसली आणि बाहेर माती अजिबात नाही, तर कुणी आत गेलेले नाही, आतून बाहेर आलेले आहे: हुमणीचे भुंगेरे. संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर बॅटरी मारून बघा, पाला खाताना सापडतील.

मोठ्या भोकांत एकाचेच नाव घेतो, कारण त्यात गुन्हा होतो. तोंडाचा तळ सपाट आणि वर कमान, अर्ध्या चंद्रासारखे, समोर धुळीत पायांच्या ठशांमध्ये शेपटी ओढल्याची रेघ दिसली तर घोरपड आहे. तिला वन्यजीव कायद्याचे सर्वात कडक संरक्षण आहे. धूर, पाणी, कुत्री काहीही घालू नका. बांधात असेल तर वन खात्याला कळवा आणि फोटो त्यांनाच द्या.

त्या गावचा बांध दिवाळीनंतर उघाडीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस पावले उकरला गेला. मुरूम काढून खाडीचा चिखल घातला, थर ठोकले. बिळाची नळी उकरताना गावकऱ्यांनी मोजली: उंदराची पावणेदोन मीटर, शेवटी कोठार आणि त्यात मूठ-दोन मूठ भात. खेकड्याचे भोक तिच्या टोकापासून जेमतेम दोन वितींवर येऊन थांबले होते. त्या दोन विती मुरमाच्या होत्या. तिथला फोटो मात्र कुणी काढला नाही, सगळे टेपाभोवती उभे होते. यंदाच्या पहिल्या मोठ्या उधाणाला दुपारी साडेबाराला पायथ्याशी जाऊन चाखायचे ठरले आहे.